तैयलचा उजवा पाय

मद्रासहून फोटोंचं पाकीट आलं ते नेमकं प्रदोषाच्या दिवशी. माझा उपास होता. प्रदोषाला संध्याकाळचा अभिषेक पाहिल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही आणि दिवसभर खोटं बोलत नाही. एरवी फार बोलते असं नाही, पण त्या दिवशी ठरवून. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मी किती वेळ ह्याच नेमाच्या आडोशाला उभी होते, ते मला लपवायचं नाही.

पाकीट तैयलनं पाठवलं होतं. पत्र वाध्यारांच्या, म्हणजे आमच्या नाचाच्या गुरुजींच्या, नावे होतं, पण वाध्यारांचे डोळे काचबिंदूनं जाऊन पाच वर्षं झाली. त्यामुळे त्यांची पत्रं मीच फोडते, मीच वाचते, उत्तरंही मीच लिहिते.

"वाच," वाध्यार म्हणाले. ते ओसरीतल्या झोपाळ्यावर बसले होते. बसल्या बसल्या त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून ताल मोजत फिरत असतो, तसा तो फिरत होता.

मी वाचलं. मद्रासची एक सभा, म्हणजे नाच-गाण्याची संस्था, तैयलवर मोठं पुस्तक काढत होती. त्यात तिचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली हस्तांचा अर्थ. तीन फोटो नमुन्यादाखल पाठवले होते. वाध्यारांनी ते पाहावेत, आणि पसंत पडले तर पहिल्या पानावर असं छापायला परवानगी द्यावी: 'चिदंबरमचे नाट्याचार्य रत्नसभापती यांची पट्टशिष्या, तैयलनायकी.'

पट्टशिष्या हा शब्द वाचताना माझा आवाज बदलला असणार, कारण अंगठा थांबला.

वाध्यारांनी हा शब्द आजवर कुणाबद्दल उच्चारलेला नाही. शेकडो मुली शिकून गेल्या. मी आणि तैयल एकाच विजयादशमीला, आठव्या वर्षी, त्यांच्या पायावर डोकं ठेवून उभ्या राहिलो. लाकडी ठोकळ्यावर काठी आपटत ते बोल म्हणायचे आणि आम्ही दोघी एका चटईच्या दोन टोकांवर नाचायचो. पुढे तैयल मद्रासला गेली. मी राहिले. माझं लग्न झालं नाही, आणि पाठीला उसण भरायला लागल्यावर नाचही सुटला. पण कुठला हस्त कुठल्या अर्थानं कुठे लागतो हे मुलींना मीच सांगते. वाध्यारांची औषधं, त्यांचा पंचांगाचा हिशेब, त्यांच्या अंगणातली रांगोळी हे सगळं बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्या बावीस वर्षांत मी तो एक शब्द मागितला नाही. मागायचा नसतो. पण देवापुढे दिवा लावताना रोज मनात येऊन जायचा, आणि देवाला काय, सगळं कळतं.

"पट्टशिष्या," वाध्यार हळूच म्हणाले. "बघू. आधी फोटो दाखव."

फोटो दाखवायची आमची एक रीत झाली होती. आधी मी फोटो वाचायचा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत कुठे काय आहे ते सांगायचं. मग स्वतः त्या ठाणात उभं राहायचं. वाध्यार उठून माझ्या बोटांवरून, कोपरावरून, भुवईवरून हात फिरवून बघायचे. त्यांना फोटो माझ्या अंगावर दिसायचा. डावं-उजवं नेहमी नाचणारीचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून कुंजम्मा अत्तै डोकावल्या. अत्तै म्हणजे वाध्यारांची विधवा बहीण. सगळ्या मुलींची आत्या. "काय आलंय? तैयलचे फोटो? मला आधी दाखवा. माझ्या हातचं खाऊन मोठी झालीय ती."

"तुझ्या हातचं खाऊन मी आंधळा झालो, ते कुणी बघत नाही," वाध्यार म्हणाले.

"अण्णा, तू माझ्या हातचं खाल्लंस म्हणून अजून जिवंत आहेस. कॉफी हवी की नको?"

"हवी. आणि गप्प बस."

मी पहिला फोटो घेतला.

"डोक्यावर भांगाच्या उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्र," मी सुरुवात केली. नाचणारीच्या डोक्यावरचे हे दोन दागिने मी नेहमी पहिले सांगते. "मान डावीकडे किंचित कललेली. डोळे डाव्या हाताकडे. डाव्या हातात अलपद्म, छातीच्या उंचीला. पाचही बोटं उमलून वेगवेगळी, करंगळी तळव्याकडे वळलेली. उजवा हात त्याच्यावर वीतभर अंतरावर, भ्रमर. अंगठा आणि मधलं बोट टेकलेलं, पहिलं बोट आत दुमडलेलं, शेवटची दोन ताठ."

"कमळ आणि भुंगा," वाध्यार म्हणाले. "बसलाय की उडतोय?"

"उडतोय. मनगट वर उचललंय, आणि शेवटची दोन बोटं... ती हलताना फोटो निघालाय. टोकं थोडी पुसट आहेत."

"म्हणजे पंख हलतायत." वाध्यारांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "फोटोवाल्याला वाटलं असेल बिघडला. उभी राहा."

मी उभी राहिले. त्यांनी माझी बोटं चाचपली. त्यांच्या बोटांची टोकं टाळ वाजवून वाजवून चामड्यासारखी झालेली आहेत. "तुझा भुंगा बसलाय," ते म्हणाले. "उचल. हं. आणि नजर? कमळ भुंग्याकडे कसं बघतंय?"

"ती भुंग्याकडे बघत नाहीये, वाध्यार. कमळाकडे बघतेय. तिला कमळाची काळजी वाटतेय."

"बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मुली भुंग्याकडे बघतात. भुंगा उडून जाणारा. ज्याचं काही जायचंय ते कमळ. हे मी तिला कधी शिकवलं नाही."

मला ते पटलं. पटलं म्हणूनच बोचलं. मी फोटो खाली ठेवला.

दुसरा फोटो रुसलेल्या नायिकेचा होता. रात्रभर वाट पाहिली, आणि तो पहाटे दुसरीकडून आला. अंगावर तिथल्या खुणा. खंडिता. वाध्यार हे आम्हाला शिकवायचे तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुगायच्या, दोन्ही भुवया जवळ यायच्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातून असं बघायचे की पुढच्या मुली मागे सरकायच्या.

"सूर्य उजवीकडे, चंद्र डावीकडे. डावा हात कमरेवर, अर्धचंद्र. अंगठा मागे, चार बोटं पुढे. उजवा हात नाकासमोर, हंसास्य. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक जुळलेलं, बाकी तीन पसरलेली. त्या दोन टोकांत काहीतरी धरलंय. काही नाहीये, पण धरलंय असं दिसतं. इवलंसं."

"मोती? केस?"

मी नीट पाहिलं. बोटांची टोकं घट्ट नव्हती. केस असता तर ओढ दिसली असती, खाली लोंबकळणं दिसलं असतं. "फूल असावं. कोमेजलेलं मोगऱ्याचं. त्याच्या खांद्यावरून उचललंय. दुसरीच्या वेणीतलं."

"आणि राग?"

"राग दिसत नाही, वाध्यार. चेहरा गोड आहे. नजर त्या फुलावर, त्याच्याकडे नाहीच. ओठांवर हसू आहे. आत्ता म्हणेल, 'या, दमला असाल.' फक्त डावी भुवई..." मी थांबले. "एकटी डावी भुवई किंचित वर आहे. आणि हनुवटीखालची शीर ताणलीय."

"उभी राहा."

मी कमरेवर हात ठेवला, दोन बोटांत नसलेलं फूल धरलं, आणि खाली पाहिलं. वाध्यारांचा अंगठा माझ्या डाव्या भुवईवर आला आणि तिथेच राहिला. मग हनुवटीखाली गेला.

"हे तुला फार पटकन जमलं," ते म्हणाले.

मी कमरेवरचा हात काढून फोटो पुन्हा उचलला.

"असूया," ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "मी शिकवतो ती चव्हाट्यावरची असूया. ही हळू बोलणाऱ्या बाईची. सगळं सोसते, कुणाला दुखवत नाही, आणि एक भुवई तिचं ऐकत नाही. तैयलनं ही कुठे बघितली असेल?"

फोटो माझ्या हातात होता. मी त्या भुवईकडे पाहिलं आणि मला आमच्या चटईचं दुसरं टोक आठवलं. आठ वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची तैयल तिथे उभी असायची, आणि वाध्यारांनी तिला 'भले' म्हटलं की ती वाध्यारांकडे न बघता माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, मैत्रीण म्हणून बघते.

ती बघत होती. टिपत होती.

नाच माझा सुटला. घर तिचं झालं, नाव तिचं झालं. आणि आता माझा चेहराही तिनं नेला होता. माझ्याच चेहऱ्यावर ती पट्टशिष्या होणार होती.

"तिसरा," वाध्यार म्हणाले.

तिसरा आमच्या देवाचा. पाठीमागे शाईनं लिहिलेलं: 'तिल्लैचा नटराज.' तिल्लै म्हणजे आमचंच गाव, चिदंबरम. वाध्यारांच्या घराण्यात हे ठाण वर्षातून एकदाच, मार्गळी महिन्यातल्या आर्द्रा नक्षत्राला दाखवतात, आणि तेही त्यांच्या परवानगीनं.

मी पाहिलं, आणि तैयलचा उजवा पाय वर होता.

माझ्या मनात त्या क्षणी जे झालं त्याला आनंद म्हणायची मला लाज वाटते. पण ते तेच होतं. आमचा देव डावा पाय उचलतो. उजव्यावर तोललेला, डावा वर, आडवा. हे चिदंबरममधल्या पाळण्यातल्या मुलाला ठाऊक. डावी बाजू आईची, शिवकामीची. वर उचललेला पाय कृपेचा, म्हणून तो आईच्या बाजूचा. तैयलनं, मद्रासच्या तैयलनं, उजवा उचलला!

हा आनंद फार तर चार श्वास टिकला. मग नजर सवयीनं डोक्यावर गेली. सूर्य डावीकडे होता, चंद्र उजवीकडे.

असं कधी होत नाही. नाचणारीला सजवणारी बाई झोपेतही सूर्य डावीकडे बांधणार नाही. म्हणजे फोटोच उलटा होता. काढून झाल्यावर छापताना निगेटिव्हची काच पालथी पडली असणार. तैयल डाव्याच पायानं नाचली होती. स्टुडिओवाल्यानं तिला आरशातली करून पाठवली होती.

"वाच ना," वाध्यार म्हणाले. "आणि पायापासून. देव आहे."

ही आमची पद्धत. माणसाचं वर्णन डोक्यापासून खाली येतं, देवाचं पायापासून वर चढतं. बघणाऱ्यानं आधी पाय धरावेत, मग मुखापर्यंत जावं. मी मनातल्या मनात त्या पद्धतीचे आभार मानले. पायापासून सुरुवात करायची होती. जे फोटोत होतं तेच मी सांगणार होते. अक्षरही खोटं नाही.

"डावा पाय जमिनीवर," मी म्हणाले. "गुडघा वाकलेला, टाच टेकलेली. उजवा पाय वर, शरीरावरून आडवा डावीकडे. पाऊल तिरपं, बोटं वर."

झोपाळा थांबला.

"कुठला पाय वर?"

"उजवा, वाध्यार."

"मदुरैचा आहे का?" मदुरैच्या देवळात देव उजव्या पायावर नाही, डाव्यावर उभा आहे; तिथल्या राजाच्या हट्टाखातर त्यानं पाय बदलला असं म्हणतात. सगळ्या तमिळ देशात तेवढा एकच.

"मागे 'तिल्लैचा नटराज' लिहिलंय. तैयलचंच अक्षर."

"पुढे."

"कमर उजवीकडे मोडलेली. उजवा हात छातीवरून आडवा, डोल. मनगट सैल, पाचही बोटं खाली, हत्तीच्या सोंडेसारखी, उचललेल्या पायाकडे. डावा हात पताक. बोटं जुळलेली, ताठ, तळवा समोर. खांद्याच्या जरा खाली."

"डाव्या हातानं अभय?" वाध्यार उठून उभे राहिले. "डाव्या हातानं 'भिऊ नकोस' म्हणते ती? कोमळम्, त्या दोन हातांत अख्खा देव आहे गं. एक म्हणतो भिऊ नको, आणि दुसरा दाखवतो कुठे लपायचं ते, त्या पायाखाली. आणि ही... उभी राहा. मला बघू दे."

मी उभी राहिले. डाव्या पायावर तोल घेऊन उजवा उचलायची सवय ह्या गावात कुणालाच नाही. मी डुगडुगले. वाध्यारांनी वाकून माझ्या पावलाला हात लावला, मग आडव्या हाताला, मग डाव्या तळव्याला. डाव्या तळव्याला हात लागताच त्यांनी तो काढून घेतला.

"पुरे," ते म्हणाले. चेहऱ्यापर्यंत ते आलेच नाहीत. पुन्हा झोपाळ्यावर बसले. "ती झोपेतसुद्धा चुकणार नाही असं वाटायचं मला. लोक काय म्हणतात ते मरू दे. मला वाटायचं."

मी पाय खाली ठेवला. गळ्यापर्यंत मी वाचलं होतं. 'पुरे' त्यांनी म्हटलं, मी नाही.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता," ते म्हणाले. "तू खोटं बोलत नाहीस. कागद घे."

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'चिरंजीव तैयलनायकीस आशीर्वाद. फोटो पाहिले. पुस्तकावर माझं नाव घालू नये. ज्या गावचा पाय विसरलीस त्या गावचं नाव सांगू नये.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा बदललं आणि मग पुन्हा तेच ठेवलं. माझं अक्षर सुंदर येत होतं. एरवी प्रदोषाला दुपारनंतर माझा हात कापतो. त्या दिवशी एक वेलांटी हलली नाही.

डिंकाची बाटली स्वयंपाकघरात असते. मी पाकीट चिकटवायला आत गेले. कुंजम्मा अत्तै कॉफीचा पेला वाध्यारांपुढे ठेवून, झोपाळ्यावरचे फोटो उचलून, माझ्या मागोमाग चुलीपाशी आल्या. एकेक उजेडात धरून बघायला लागल्या.

"गळा भरून आला बघ माझा. किती वाळलीय! मद्रासला काय खातात कोण जाणे." मग तिसरा. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला. "अगं बाई! हिनं पदर कुठे घेतलाय हा? उजव्या खांद्यावर? ही काय आता शेटाणी झाली? मद्रासला सौकारपेठेत त्या कापडवाल्यांच्या बायका घेतात तसा!"

"हळू, अत्तै."

"का हळू? ह्या दोन फोटोंत डाव्या खांद्यावर आहे, बघ ना. मधेच हिला काय गुजराती व्हायचं सुचलं?"

"काही नाही ते," मी म्हणाले. "उजेडामुळे तसं दिसतं."

तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. दिवसभर जपलेलं होतं. वाध्यारांशी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. आणि एका म्हातारीशी, पदरावरून, डिंकाची बाटली हातात धरून, सहज बोलून गेले. कुणी विचारलंही नव्हतं नीट.

"उजेडामुळे?" अत्तै म्हणाल्या. "उजेडामुळे पदर खांदा बदलतो होय? मी म्हातारी झालेय, खुळी नाही."

"कुंजम्," ओसरीतून आवाज आला. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुझी तैयल शेटाणी झाली!"

"त्याच्या आधी. पदराचं."

अत्तैंनी सांगितलं.

"कोमळम्, बाहेर ये. फोटो घेऊन ये."

मी गेले. ते ताठ बसले होते. अंगठा पेरांवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे.

"आपण गळ्याशी थांबलो होतो," ते म्हणाले. "मी थांबवलं. देवाचं वर्णन गळ्याशी थांबवत नाहीत. पुढे वाच."

"वाध्यार..."

"वाच."

मी फोटो धरला. "हनुवटी सरळ," मी म्हणाले. "ओठ मिटलेले, कोपऱ्यात हसू आहे, असून नसल्यासारखं. नाकपुड्या शांत. डोळे सम, समोर. कुठेच बघत नाहीत. भुवया... दोन्ही सारख्या, सैल. अंग एवढं फिरतंय, केस उडतील असं, आणि चेहऱ्यावर त्यातलं काही नाही. सगळं हलतंय आणि तो हलत नाही, असं."

"हे तिला आलंय," वाध्यार म्हणाले. "हे मला कधी आलं नाही. पुढे. कपाळ झालं. केस."

"फुलांची माळ आहे."

"भांगाच्या उजवीकडे काय आहे?"

अंगणात अत्तै येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात डाव होता.

"चंद्र," मी म्हणाले.

"डावीकडे?"

"सूर्य."

त्यांनी कॉफीचा पेला चाचपला, सापडला, पण उचलला नाही.

"आधी दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही 'वाच' म्हणायच्या आधी."

अत्तै म्हणाल्या, "म्हणजे काय झालं? मला कुणी सांगेल का?"

"काही नाही, कुंजम्. फोटो पालथा छापलाय. तैयल बरोबर आहे." वाध्यारांचा आवाज अगदी साधा होता. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "ते पत्र आहे का, की टाकलं?"

"आहे."

"फाड. नवा कागद घे."

मी फाडलं. चार तुकडे झाले. ते मी पदराच्या टोकात बांधून ठेवले, खाली टाकायला धीर होईना. नवा कागद घेतला.

"'चिरंजीव तैयलनायकीस आशीर्वाद,'" त्यांनी सांगितलं. "'फोटो पाहिले. भुंगा फार आवडला. रुसलेली नायिका तू माझ्याकडून शिकली नाहीस. जिच्याकडून शिकलीस तिची तू ऋणी आहेस, हे विसरू नकोस. पुस्तकावर पट्टशिष्या असं घालावं, माझी परवानगी आहे.' झालं?"

"झालं." पट्टशिष्या. मी लिहिलं. प शाई जास्त उतरून जाड आला.

"पुढे. 'नटराजाचा फोटो पालथा छापला गेला आहे, तो सुलटा करून घ्यावा. ही चूक कोमळवल्लीच्या लक्षात आली.'"

माझा हात थांबला. "हे नको, वाध्यार."

"का? खोटं आहे?"

"नाही, पण..."

"लक्षात तुझ्याच आली ना?"

"माझ्याच."

"सगळ्यांत आधी?"

"सगळ्यांत आधी."

"मग लिही. माझ्या पत्रात खोटं काही जाणार नाही."

मी ते लिहिलं. तैयल वाचेल आणि म्हणेल, कोमळम् होती म्हणून वाचलो. पुस्तकातही कदाचित आभार मानील. त्या आभारांखाली माझं नाव छापून येईल, आणि मला जन्मभर ते पान उलटून पुढे जावं लागेल. वाध्यारांना हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता.

सही करायला मी त्यांचा हात धरून कागदावर नेला. त्यांनी सही केली. मग म्हणाले, "आता उभी राहा."

"कशाला?"

"तिनं जसं केलं होतं तसं मला बघायचंय. सुलटं. तू उलटं दाखवलंस, आता तूच सुलटं दाखव."

अत्तै म्हणाल्या, "अण्णा, तिचा उपास आहे. पाठ धरेल."

"धरू दे."

मी उभी राहिले. उजव्या पायावर, गुडघा मोडून. डावा उचलला. पाठीतून कळ आली आणि तशीच राहिली. डावा हात छातीवरून आडवा सोडला, मनगट सैल, बोटं त्या पायाकडे. उजवा तळवा समोर. आणि चेहरा... चेहरा मला तैयलचा आणायचा होता, सगळं हलत असताना न हलणारा. मी डोळे सम केले. ओठांच्या कोपऱ्यात ते असून नसलेलं हसू आणलं. बावीस वर्षांत मी हे ठाण केलं नव्हतं.

वाध्यार पायापासून वर आले. पाऊल, घोटा, गुडघा. आडवा हात. अभयाचा तळवा, तिथे त्यांनी आपला तळवा टेकवला आणि थोडा वेळ धरून ठेवला. मग हनुवटी, ओठ, पापण्या. कपाळ. भांगाच्या उजवीकडे एक बोट, डावीकडे एक. तिथे माझे नुसते केस होते, तेल लावून चापून बसवलेले.

"सुंदर," ते म्हणाले.

कुणाला म्हणाले? तैयलला, जिचं हे ठाण होतं? की मला, जिच्या अंगावर ते होतं? की देवाला? मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क उरला नव्हता, आणि तरी आत काहीतरी अधाशासारखं पुढे सरकून ऐकत होतं.

ते झोपाळ्यावर जाऊन बसले. अत्तै म्हणाल्या, "अगं, ठेव आता पाय खाली."

मी नाही ठेवला. वाटलं, अजून एकदा म्हणतील, आणि ह्या वेळी नाव घेऊन म्हणतील. वाध्यारांनी गार झालेली कॉफी उचलली, एक घोट घेतला, आणि झोपाळ्याला पायानं हलका झोका दिला.

मी तशीच उभी होते.